तलावाची किंमत काढताय? मग आधी हे वाचा: सोलापूरच्या एका पाणथळ जागेच्या हिशोबाची स्टेप बाय स्टेप पद्धत, आणि आकडा कुठं थांबतो

पाणथळ जागेचं व्हॅल्युएशन करायचं म्हटलं की बहुतेक जण एकच करतात, तलावाचं क्षेत्रफळ घेतात, इंटरनेटवरून हेक्टरी एक डॉलरचा आकडा उचलतात, गुणाकार करतात आणि कोटींत उत्तर आलं की खूश होतात. असे चार-पाच रिपोर्ट माझ्या हातात आलेत, कॉलेजच्या प्रोजेक्टचे पण आणि संस्थांचे पण, आणि सगळ्यांत चुका त्याच आणि त्याच जागी. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डोळ्यासमोर तलाव कसला ठेवायचा तर आपला हिप्परगा बघा, तुळजापूर रोडवरचा, ज्याला कागदोपत्री एकरुख म्हणतात. मोठा भराव, खाली विहिरी आणि बागा, वरच्या बाजूला उथळ पसरट काठ, पाणी ओसरलं की त्यावर गाळपेर, आणि हिवाळ्यात पक्षी. पण खालचे आकडे हिप्परग्याचे नाहीत. हिशोब समजावा म्हणून अशाच एका तलावाचे धरलेले आहेत, तुमच्या तलावाचे तुम्हालाच गोळा करावे लागतील.

## १. आधी प्रश्न ठरवा: तलाव मोजायचा नाही, बदल मोजायचा

"या तलावाची किंमत किती?" हा प्रश्नच चुकीचाय, कारण अख्खा तलाव उद्या गायब होणार नसतो. होणार असतं ते वेगळं, कुणीतरी काठ बुजवणार असतं, सांडव्याची उंची बदलणार असते, नाल्याचं घाण पाणी आत सोडणार असतं. त्या एका बदलामुळं कुणाचं काय जाईल आणि कुणाला काय मिळेल, एवढंच पैशात मोजता येतं.

आपलं उदाहरण असं धरू. भरल्यावर १०० हेक्टरचा तलाव, त्यातला वरच्या बाजूचा २० हेक्टरचा उथळ काठ भराव टाकून प्लॉटिंगला द्यायचा प्रस्ताव आहे. मग प्रश्न लिहायचा तो असा: "हा २० हेक्टरचा काठ गेला तर दरवर्षी कुणाचं किती नुकसान होईल?"

तपासा: तुमच्या प्रश्नात "गेला तर", "वाढला तर" असं काही आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

## २. वर्षातून चार वेळा तलावावर जा

ऑक्टोबरमध्ये तलाव काठोकाठ असतो, तेव्हा जाऊन फोटो काढून आलात तर तो उथळ काठ तुम्हाला दिसणारच नाही, सगळं नुसतं पाणी. जानेवारीत गेलात तर त्याच जागी चिखल, पाणकणीस आणि पक्षी. मार्चमध्ये तिथं कुणाची तरी ज्वारी नाहीतर हरभरा काढून झालेला असतो आणि कलिंगडाचे वेल पसरलेले असतात. मे मध्ये जनावरं चरतात. एकाच जागेचे चार उपयोग, चार वेगळी माणसं, आणि एकदाच जाणाऱ्याला त्यातली एकच भेटतात.

प्रत्येक खेपेला पाणी कुठंपर्यंत आहे ती रेषा मोबाईलच्या जीपीएसवर चालत चालत नोंदवा. चार रेषा एका नकाशावर टाकल्या की काठ किती महिने पाण्यात आणि किती महिने उघडा असतो ते कळतं. पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया हाच, आणि लोक नेमका हाच टाळतात कारण यात वर्ष जातं. वर्ष नसेल तर निदान दोन खेपा, दिवाळीनंतर एक आणि गुढीपाडव्याच्या आसपास एक.

## ३. सेवांची यादी करा, पण एकच गोष्ट दोनदा मोजू नका

२००५ च्या मिलेनियम असेसमेंट या जागतिक अहवालानं इकोसिस्टीमच्या सेवा, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणारे फायदे, चार गटांत मांडल्या. मासे, पाणी, चारा असं थेट मिळणारं, मग पूर अडवणं, पाणी मुरवणं असं सांभाळणारं, मग बघायला, पूजेला, मनाला लागणारं, आणि चौथा गट या सगळ्यांना आधार देणारा, म्हणजे गाळ साचणं, अन्नसाखळी वगैरे. यादी करायला हे चांगलंय. बेरीज करायला मात्र नाही, कारण चौथ्या गटाची किंमत आधीच्या तिघांत आलेलीच असते.

साधं उदाहरण गाळपेरीचं. तलाव ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते तिच्यात ओल असते आणि गाळाचा कस असतो, म्हणून तिथं कमी खर्चात पीक येतं. आता तुम्ही पिकाचं निव्वळ उत्पन्न धरलं आणि वर "गाळातल्या खताची किंमत" आणि "ओलाव्यामुळं वाचलेल्या पाण्याची किंमत" पण धरली तर एकाच ज्वारीचे तीनदा पैसे लावले. कडबा मात्र वेगळा धरायचा, तो विसरतात. आपल्या काठावर ८ हेक्टर गाळपेर आहे आणि खर्च, स्वतःची मजुरी सगळं वजा जाता कडब्यासकट हेक्टरी २५ हजार सुटतात असं धरलं तर वर्षाला २ लाख. झालं, यात अजून काही जोडायचं नाही.

सावध: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं "हे कोण वापरतं" असं लिहा. माणसाचं नाव लिहिता येत नसेल तर ती सेवा बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी ओळीत आधीच मोजलेली आहे.

## ४. मासे: बाजारभाव गुणिले वजन म्हणजे किंमत नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो म्हणून जरा थांबून बघू.

आधी माहिती कशी काढायची ते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काठावर जाळं निवडत बसलेल्या एका मावशींना विचारलं, "मावशी, वर्षाला किती मासे निघतात?" त्या म्हणाल्या, "वर्षाचं कुठं धरतो बाळा आम्ही, बाजाराचं विचार." मग बाजाराचं विचारलं तर धडाधड सांगितलं, कुठल्या महिन्यात किती क्रेट, कटला-रोहूला काय भाव, चिलापीला काय, मरळ घावली तर ती बाजारात जाते का थेट हॉटेलवाला घेऊन जातो. आणि शेवटी "घरी खातो ते धरलं का?" असं त्यांनीच मला विचारलं. मी धरलं नव्हतं. तर प्रश्न आठवड्याचा विचारा, सिझनप्रमाणे विचारा, आणि घरी खाल्लेले मासे त्याच भावानं धरा.

आता हिशोब. १२ कुटुंबं, वर्षाला १८ टन, काठावरचा सरासरी भाव किलोला ९० रुपये, म्हणजे १६ लाख २० हजार. बहुतेक रिपोर्ट इथंच थांबतात आणि हाच आकडा "माशांची किंमत" म्हणून छापतात. पण ही विक्री आहे, तलावानं दिलेली किंमत नाही. यातून बोटुकलीचे, म्हणजे तलावात सोडायच्या माशांच्या पिल्लांचे, २ लाख, जाळी आणि तराफ्याचा वर्षाचा खर्च दीड लाख, बर्फ आणि वाहतूक १ लाख २० हजार वजा करा. राहिले ११ लाख ५० हजार. मग मजुरी, १२ जण, वर्षाला २०० दिवस, दिवसाला ३०० रुपये, म्हणजे ७ लाख २० हजार. ते पण वजा केले तर उरतात ४ लाख ३० हजार.

१६ लाखाचे ४ लाख झाले. आणि तरी काम संपलेलं नाही, कारण मजुरी पूर्ण वजा करायची का हा खरा प्रश्न आहे. वजा करण्यामागं गृहीत असं की मासेमारी नसती तर ही माणसं त्या दिवशी दुसरीकडं ३०० रुपये कमावतीलच. साठीतल्या भोई मामांना दुसरं काम कोण देणार? नसेल मिळत तर त्यांच्या श्रमाची मजुरी खर्चात धरता येत नाही आणि आकडा ११ लाख ५० हजाराच्या जवळ राहतो. म्हणून दोन्ही आकडे लिहा, ४.३ ते ११.५ लाख, आणि फरक कशामुळं ते एका ओळीत सांगा. एकच "नेमका" आकडा देणारा रिपोर्ट ही निवड लपवून ठेवतो. मासेमारीच्या ठेक्याचे पैसे देशाच्या हिशोबात खर्च नसतात, ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, पण कुटुंबाच्या हिशोबात खर्चच असतात, तेव्हा कुणाच्या बाजूनं मोजताय ते आधी लिहून ठेवा.

आता बदलाकडं या. २० टक्के क्षेत्र गेलं म्हणजे २० टक्के मासे गेले असं होत नाही. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचं बी दरवर्षी सोडावं लागतं, ते खोल पाण्यात पण वाढतात. मरळीचं वेगळं, ती उथळ गवताळ पाण्यातच पिल्लं सांभाळते. म्हणजे काठ गेला की वजन फार कमी होणार नाही पण भावाचा मासा जाईल. हे क्षेत्रफळाच्या गुणाकारातून कधीच कळत नाही, हे मच्छीमारांना नकाशा दाखवून "इथलं पाणी गेलं तर काय काय जाईल?" असं विचारूनच कळतं. त्यांनी कमाईचा तिसरा हिस्सा सांगितला असं धरू, तर नुकसान वर्षाला १.४ ते ३.८ लाख.

## ५. विहिरी: टँकरचा भाव कुठं लावायचा आणि कुठं नाही

इथं चूक झाली की आकडा एकदम शंभरपट फुगतो. चुकीचा हिशोब असा करतात: २० हेक्टर काठावर सरासरी अर्धा मीटर पाणी, म्हणजे १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर, १० हजार लिटरचे १० हजार टँकर, टँकरला दीड हजार, झाले दीड कोटी रुपये! दिसायला गणित बरोबर आहे, आणि तरी उत्तराला काही अर्थ नाही.

पर्यायाचा खर्च किंमत म्हणून वापरायला तीन अटी पाळाव्या लागतात. पर्याय तेवढंच काम करणारा पाहिजे, उपलब्ध पर्यायांत सगळ्यात स्वस्त पाहिजे, आणि तिसरी जी कुणी बघतच नाही, ती सेवा गेली तर लोक खरंच तो खर्च करतील का? दीड कोटीचे टँकर कुणीही घेणार नाही. शिवाय ते अर्धा मीटर पाणी विहिरीत जातंच असं कुठंय, आपल्याकडचं ऊन बघता उथळ पाणी बरंचसं वाफ होऊन जातं, आणि तळाला काळी चिकणमाती बसलेली असेल तर मुरणं फार हळू होतं.

मग करायचं काय? भरावाखालच्या विहिरींची यादी करा. प्रत्येक मालकाला विचारा, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं आणि गेल्या तीन उन्हाळ्यांत खरोखर किती टँकर विकत घेतले. मग तलावापासून लांब, पण तसाच मुरूम-खडक आणि तशीच पिकं असलेल्या दुसऱ्या गावात हेच विचारा. दोन्हीतला फरक हा तलावाचा वाटा. आपल्याकडं ज्वारीला कुणी टँकर घालत नाही, डाळिंबाची बाग वाळायला लागली की मात्र उधारीवर सुद्धा टँकर आणतात, तेव्हा हिशोब बागवाल्यांपुरताच येतो. काठामुळं ज्यांना फरक पडतो असे ९ बागवाले, प्रत्येकी १२ टँकर जास्तीचे, दीड हजारानं, म्हणजे वर्षाला १ लाख ६२ हजार.

दीड कोटी आणि १.६ लाख. पहिला आकडा घेऊन मीटिंगमध्ये गेलात तर समोरचा इंजिनिअर दोन मिनिटांत तो खोडून काढेल आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवर पण कुणी विश्वास ठेवणार नाही.

तपासा: दुष्काळाचं एखादं वर्ष तुमच्या तीन वर्षांत आलंय का? फक्त चांगल्या पावसाची वर्षं असतील तर विहिरींची किंमत जवळजवळ शून्य दिसेल.

## ६. पक्षी बघायला येणारे

प्रवासखर्चाची पद्धत साधी वाटते, किती लांबून आले, किती खर्च केला, त्यावरून जागेची मागणी काढायची. दोन खड्डे आहेत. एक, पेट्रोलचे पैसे म्हणजे किंमत नव्हे, लांबून येणारे जास्त खर्चूनही येतात, त्यावरून कमी खर्चात येणाऱ्या जवळच्यांचा किती फायदा होतो, ते मोजायचं असतं. दुसरा खड्डा खास आपल्याकडचा. तुळजापूर रोडला गाडी थांबवून फोटो काढणारा माणूस पुण्याहून आलाय म्हणून त्याचा सगळा प्रवासखर्च तलावाच्या खात्यावर टाकला तर तुम्ही आई तुळजाभवानीची यात्रा तलावाच्या नावावर लिहिली. सरळ विचारा, "दादा, तलाव नसता तर घरातून निघाला असतात का?" हो म्हणाला तर त्याला वगळा. उरलेल्यांचीच मागणी काढा. आणि थोडे उरले तर ही ओळ पैशात भरूच नका, नुसती माणसं मोजून लिहा, काही बिघडत नाही.

"तलाव वाचवायला तुम्ही किती द्याल?" हा सर्व्हे शक्यतो टाळा. करायचाच असेल तर पैसे कुठल्या मार्गानं जाणार ते सांगून, "इतके द्याल का, हो की नाही" असं विचारा. आणि "शून्य" म्हणणाऱ्याला कारण विचाराच. "तलाव आमचाच, पैसे कसले मागता?" असं म्हणणाऱ्याचं शून्य म्हणजे तलाव फुकटातला आहे असं नसतं, त्यानं तुमचा प्रश्नच नाकारलेला असतो.

## ७. पुढची वर्षं जोडताना

नुकसान दरवर्षीचं असतं, म्हणून पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणतात:

```
आजची किंमत = रक्कम / (१ + दर)^वर्षे
```

५० वर्षांनंतरचा १ लाख रुपयांचा फायदा ८ टक्क्यांनी आज साधारण २१०० रुपयांचा होतो, ३ टक्क्यांनी २२,८०० चा. तलाव तोच, मासे तेच, फक्त दर बदलला. तेव्हा दोन्ही दरांनी करून दोन्ही उत्तरं छापा. दर निवडणं म्हणजे आपल्या नातवंडांना किती धरायचं ते ठरवणं आहे, ते एक्सेलच्या एका सेलमध्ये गुपचूप भरू नका.

## ८. तक्ता करा, खाली एकच टोटल मारू नका

गाळपेर २ लाख, मासे १.४ ते ३.८, विहिरी १.६. टोटल मारलीच तर वर्षाला ५ ते ७.४ लाख. पण प्रत्येक ओळीपुढं तीन रकाने हवेत: नुकसान कुणाचं, किती कुटुंबं, आणि त्यांना दुसरा पर्याय काय. आणि ज्यांना पैशात मांडता आलं नाही त्या ओळी तक्त्यातून काढायच्या नाहीत. पैशाच्या रकान्यात "मोजलं नाही" असं लिहा. शून्य लिहू नका आणि कोरा पण सोडू नका, बेरीज करणारा कोरा रकाना पण शून्यच धरतो, म्हणून शब्दांत लिहा.

## आकडा कुठं थांबतो

आता ते बोलू जे रिपोर्टच्या शेवटी "मर्यादा" म्हणून दोन ओळींत उरकतात.

वरचे सगळे नियम पाळले, प्रामाणिक हिशोब केला, ७.४ लाख आले. ८ टक्क्यांनी कायमचे धरले, म्हणजे ७.४ लाखाला ०.०८ नं भागलं, तरी आजची किंमत ९२-९३ लाख होते. समोरच्याचा हिशोब काय आहे? २० हेक्टर म्हणजे जवळजवळ २ हजार गुंठे, गुंठ्याला २ लाख धरले तरी ४० कोटी. तुमच्याच कागदावर तुम्ही हरलात. असं होताना मी बघितलंय, एका बैठकीत तलावाच्या बाजूनं केलेल्या रिपोर्टची शेवटची टोटल वाचली गेली आणि "एवढंच नुकसान आहे तर भरपाई देऊन टाकू" असं म्हणून विषय संपला. आत काय लिहिलंय ते कुणी उघडलं नाही. तेव्हापासून मी टोटल छापत नाही.

म्हणजे आकडा खोटा होता का? नाही. पण ४० कोटी आणि ९२ लाख ही दोन वेगळ्या माणसांची खाती आहेत. ४० कोटी प्लॉटवाल्याचे, नुकसान भोई कुटुंबांचं आणि बागवाल्यांचं. बेरीज-वजाबाकी करताना असं धरलं जातं की जिंकणारा हरणाऱ्याला भरून देईल, प्रत्यक्षात ते भरून देणं क्वचितच होतं. शिवाय बाजारातली किंमत ही ऐपतीची असते. ज्याच्याकडं पैसे कमी त्याचं नुकसान पण रुपयांत कमी दिसतं, आणि मावशींच्या घरी शिजणाऱ्या चिलापीची किंमत एखाद्या कॅफेच्या व्ह्यूपेक्षा लहान निघते. पद्धतीत चूक नसताना हे होतं, पद्धतच तशी आहे.

दुसरी गोष्ट, ही सगळी पद्धत थोड्या-थोड्या बदलासाठी आहे. पहिला २० हेक्टर काठ गेला तर मरळ कमी होईल. मग दुसरा २०, मग तिसरा, प्रत्येक वेळी नुकसान "फक्त" काही लाखांचं, आणि एका टप्प्यावर चिखलाचा काठच राहिला नाही की हिमालयापलीकडून येणारा पट्टकादंब उतरायचाच थांबतो. ते शेवटचं नुकसान कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं कारण प्रत्येक रिपोर्ट आपल्या २० हेक्टरपुरता असतो. आणि त्या पक्ष्याची किंमत सोलापुरात तो बघायला येणाऱ्यांच्या खर्चावरून काढायची तर तो मंगोलियात घरटं करतो, त्याचं अर्धं आयुष्य आपल्या हिशोबाच्या बाहेर आहे.

उलट्या बाजूनं मोठा आकडा आणला तरी सुटका नाही. १९९७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या गाजलेल्या अभ्यासात सगळ्या जगाच्या सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ ट्रिलियन डॉलर काढली होती, आणि पाणथळ जागांना हेक्टरी १४,७८५ डॉलर. सुरुवातीला म्हटलं तो उचललेला आकडा बऱ्याचदा हाच किंवा याचाच भाऊ असतो. मायकेल टोमन या अर्थतज्ज्ञानं त्या ३३ ट्रिलियनला अनंताचा गंभीरपणे कमी लावलेला अंदाज म्हटलं होतं, आणि ते बरोबरच आहे, अख्खी सृष्टी गेली तर भरपाई घ्यायला कोण उरणार? जगाची सरासरी आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या तलावाला लावणं म्हणजे केरळच्या पावसावर माढ्यातली पेरणी ठरवण्यासारखं आहे.

आणि कायद्याचं एक लक्षात घ्या. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्राचे नियम पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यातले बहुतेक तलाव सिंचनासाठीच बांधलेले. त्यामुळं लोक व्हॅल्युएशनकडं शेवटचं हत्यार म्हणून बघतात. त्या हत्याराचा उपयोग आहे, पण वेगळ्या जागी: भरपाई कुणाकुणाला द्यावी लागेल त्याची यादी, जलपर्णी काढायला आणि नाला अडवायला बजेट मागताना, दोन पर्यायांतला कमी नुकसानीचा निवडताना. "बुजवायचा का नाही" हे ठरवायला मासेमारीचा हक्क, गावाचं पाणी, पूररेषा आणि ग्रामसभेचा ठराव हे मुद्दे त्यांच्याच भाषेत मांडा, रुपयांत भाषांतर करून नाही.

म्हणून रिपोर्टचं पहिलं पान मी असं लिहितो. वर बदलाचा प्रश्न. खाली ज्यांचं जाणार त्या कुटुंबांची संख्या, गटवार. मग कुणालाही पर्याय नसलेल्या गोष्टी, शब्दांत. मग चार रेषांचा नकाशा. पैशाचा तक्ता तिसऱ्या पानावर, प्रत्येक ओळीला कमी-जास्त दोन आकडे, आणि तक्त्याच्या खाली जाड अक्षरात एक वाक्य: "या मोजता आलेल्या तीन नुकसानींच्या वार्षिक रकमा आहेत, तलावाची किंमत नाही."